चॅनेलच्या पानावर कोणाला काय दिसतं?

यूट्यूबवर एखाद्या चॅनेलच्या नावावर टिचकी मारली की त्या चॅनेलचं स्वतःचं पान उघडतं. वर रुंद पट्टी, गोल चित्र, सबस्क्राइबचं बटण आणि खाली व्हिडिओंच्या रांगा. या रांगांच्याही वर बऱ्याचदा एक व्हिडिओ वेगळा काढून ठेवलेला असतो, आणि संगणकावर तो आपोआप सुरूही होतो. तेच पान त्याच वेळी शेजारी बसलेल्या मित्राने उघडलं, तर त्याला त्या जागी भलताच व्हिडिओ दिसू शकतो, किंवा काहीच नसून थेट रांगाच सुरू होतात. यात बिघाड काही नाही. चॅनेलच्या मालकाने त्या एका जागेसाठी दोन वेगळे व्हिडिओ नेमून दिलेले असतात: एक ज्यांनी चॅनेल सबस्क्राइब केलेलं नाही त्यांच्यासाठी, दुसरा सबस्क्रायबरांसाठी. 2013 साली यूट्यूबने चॅनेलच्या पानाची मांडणी बदलली तेव्हा ही ट्रेलरची सोय आली. तरीही अनेक हौशी चॅनेलवाल्यांनी हे खातं कधी उघडूनही पाहिलेलं नसतं.

ते सापडतं studio.youtube.com या पत्त्यावर. डावीकडच्या यादीत Customization, त्यात Home tab, आणि तिथे Video spotlight या मथळ्याखाली दोन ओळी असतात. पहिली Channel trailer for people who haven't subscribed, दुसरी Featured video for returning subscribers. (पूर्वी हाच मजकूर Layout नावाच्या टॅबखाली होता, म्हणून जुन्या मार्गदर्शक व्हिडिओंमध्ये तो शब्द ऐकू येतो.) प्रत्येक ओळीसमोर व्हिडिओ निवडायचा आणि वर उजवीकडचं Publish दाबायचं. काम दोन मिनिटांचं आहे. अवघड आहे ते कुठे काय ठेवायचं हे ठरवणं, आणि त्यात बहुतेकांची गल्लत पहिल्या ओळीचा अर्थ लावतानाच होते.

ही ओळ वाचून आपल्याला वाटतं, ट्रेलर म्हणजे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासाठी. पण यूट्यूब इथे कोण कितव्यांदा आलं हे पाहतच नाही. ते एवढंच पाहतं, की या घडीला ज्या खात्यातून लॉग-इन केलेलं आहे त्या खात्याने हे चॅनेल सबस्क्राइब केलंय की नाही. म्हणून वर्षभर रोज तुमचे व्हिडिओ पाहणारा, पण बटण कधीच न दाबलेला माणूस ट्रेलरच्या बाजूला पडतो. ज्याने सबस्क्राइब केलंय, पण ऑफिसच्या संगणकावर लॉग-इन न करता पान उघडलंय, तोही त्याच बाजूला. घरात एकाच टीव्हीवर वडिलांचं खातं चालू असेल, तर सबस्क्रायबर असलेल्या मुलीलाही तिथे ट्रेलरच दिसेल. उलट काल रात्री एक व्हिडिओ पाहून सहज बटण दाबलेला माणूस आज 'जुना सबस्क्रायबर' ठरतो, आणि ट्रेलर त्याच्या वाट्याला कधी येतच नाही.

हे लक्षात घेतलं की ट्रेलरमध्ये काय असावं याचा विचारही बदलतो. चॅनेलच्या पानावर माणूस अचानक येऊन पडत नाही. बहुतेक वेळा त्याने तुमचा एखादा व्हिडिओ शोधातून किंवा शिफारशीतून पाहिलेला असतो, तो आवडलेला असतो आणि 'यांचं आणखी काय आहे' हे बघायला त्याने नावावर टिचकी मारलेली असते. तेव्हा "नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर तुमचं स्वागत" इथून सुरुवात करून उपयोग नाही. त्याला तुमच्या आवाजाची ओळख झालेली आहे. त्याचा प्रश्न पुढचा आहे: इथे नेमकं काय मिळतं, आणि ते नियमित मिळतं का?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या चार-पाच मित्रांचं गडकिल्ल्यांच्या भटकंतीचं चॅनेल आहे. त्यांचा सर्वांत चाललेला व्हिडिओ हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचा. बेलपाड्याहून सुरू होणारी ती चढाई, कोकणकड्याचं उंचावरून घेतलेलं दृश्य, एकूण चाळीस मिनिटांचा पसारा. साहजिकच त्यांनी तोच व्हिडिओ ट्रेलरच्या जागी ठेवला. पण पानावर येणाऱ्यांतले पुष्कळजण तोच पाहून आलेले असणार! त्यांच्यासमोर तोच पुन्हा सुरू होतो. शिवाय नळीची वाट ही सरावलेल्या लोकांची वाट. पाचनईवरून किंवा खिरेश्वरवरून कुटुंबासह जाऊ पाहणाऱ्याला वाटतं, हे चॅनेल आपल्यासाठी नाही. खरं तर त्यांचे निम्मे व्हिडिओ सोप्या गडांचे असतात, पण ते या एका चाळीस मिनिटांच्या मागे झाकले जातात.

त्यांनी मिनिटभराचा वेगळा ट्रेलर करावा. पहिल्या पाच सेकंदांत नावाचं फिरतं बोधचिन्ह नको. थेट एखादा चढ, एखादी पायरी, आणि त्यावर एक वाक्य: अवघड आणि सोप्या दोन्ही वाटा, जायचं कसं, पाणी कुठे मिळतं, मुक्कामाची सोय काय. मग तीन-चार वेगळ्या गडांचे तुकडे, त्यात एक मुलांना घेऊन केलेला. शेवटी नवा व्हिडिओ कोणत्या वारी येतो तो वार, आणि सबस्क्राइब करण्याची विनंती. संगणकावर या व्हिडिओच्या शेजारी त्याचं शीर्षक आणि वर्णनाच्या सुरुवातीच्या ओळीही दिसतात. तिथे इतर समाजमाध्यमांचे दुवे कोंबण्याऐवजी हीच माहिती दोन ओळींत लिहिलेली बरी.

पैशांची एक बाबही इथे आहे. चॅनेल कमाई करणारं असलं तरी ट्रेलर म्हणून दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओवर यूट्यूब जाहिरात लावत नाही. अपवाद एकच: त्या व्हिडिओत दुसऱ्या कोणाच्या हक्काचा मजकूर असेल आणि त्या हक्कदाराने दावा लावलेला असेल तर. म्हणजे आपल्या भटक्यांनी कोकणकड्याच्या दृश्यामागे एखाद्या चित्रपटातलं गाणं लावलं, तर दारात आलेल्या माणसाला आधी जाहिरात बघावी लागू शकते, आणि ती त्यांनी लावलेलीही नसते. ट्रेलरचं संगीत तरी स्वतःचं किंवा वापरायची मोकळीक असलेलंच घ्यावं.

आता दुसरी ओळ, सबस्क्रायबरांची. हिची चाल पहिलीपेक्षा अगदी वेगळी आहे आणि तीच फार कमी जणांना माहीत असते. सबस्क्रायबराने तो नेमलेला व्हिडिओ एकदा पाहिला, की तो त्याला त्या जागी पुन्हा दाखवला जात नाही. ट्रेलर मात्र माणूस सबस्क्राइब करेपर्यंत त्याच्यासमोर येतच राहतो. म्हणून पहिल्या जागी टिकाऊ मजकूर हवा आणि दुसऱ्या जागी ताजा. राजगडाच्या भटकंतीची नोंदणी, पावसाळ्यात कोणत्या वाटा टाळाव्यात हे सांगणारा नवा व्हिडिओ, किंवा नव्या मालिकेचा पहिला भाग. ज्याने तो पाहिला त्याच्या नजरेआड तो आपोआप जातो, आणि राहून गेलेल्याला तेवढा वर दिसतो.

ऐकायला ही सोय फार शहाणी वाटते, आणि आहेही. पण तिच्यातच एक खोच आहे. आपल्या मित्रांनी जूनमध्ये राजगडाच्या नोंदणीचा व्हिडिओ तिथे लावला. जवळच्या, नियमित सबस्क्रायबरांनी तो आठवड्याभरात पाहिला आणि त्यांच्या पानावरून तो गेला. जुलैत राजगड झाला, पण सेटिंग बदलायचं कोणालाच सुचलं नाही. डिसेंबरमध्ये तो व्हिडिओ कोणाला दिसतोय? ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना, आणि ज्यांनी गेल्या महिन्यात सबस्क्राइब केलं त्या सगळ्या नव्या लोकांना. म्हणजे सबस्क्राइब करून पुन्हा पानावर आलेल्या माणसाचं स्वागत सहा महिन्यांपूर्वी संपलेल्या नोंदणीने होतं. कोणी तक्रारही करत नाही, कारण जे हक्काने सांगतील अशा जुन्या मंडळींच्या पानावर तो व्हिडिओ उरलेलाच नसतो.

चॅनेलच्या मालकालाही हे सहजी कळत नाही, कारण त्याला आपलं पान मालक म्हणून दिसतं, पाहुणा म्हणून नाही. तपासायचा मार्ग सोपा आहे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून लॉग-इन न करता चॅनेलवर जायचं, की अनोळखी माणसाला काय दिसतं ते कळतं. दुसऱ्या बाजूसाठी एखादं वेगळं खातं हवं, ज्याने चॅनेल सबस्क्राइब केलंय पण तो नेमलेला व्हिडिओ पाहिलेला नाही. त्या खात्यातून पान उघडायचं, व्हिडिओ वरच्या जागी दिसतोय ना पाहायचं. घरातल्या कोणाचं तरी खातं यासाठी पुरतं. व्हिडिओ खासगी केला किंवा काढून टाकला असेल, तर ती जागा पाहुण्यांच्या पानावर रिकामीच राहते, हेही अशा वेळीच ध्यानात येतं.

ट्रेलरचा उपयोग होतोय का, हे Analytics मध्ये थोडंफार दिसतं. ट्रेलरचा व्हिडिओ उघडून त्याला प्रेक्षक कुठून आले ते पाहावं. त्यात Channel pages या नावाने येणारा वाटा चॅनेलच्या पानांवरून आलेल्यांचा असतो. खास ट्रेलर म्हणून बनवलेल्या व्हिडिओत तोच वाटा मोठा असायला हवा. मग लोक किती वेळ टिकले याचा आलेख. पहिल्या दहा सेकंदांत तो धाडकन खाली आला असेल, तर दोष बहुधा सुरुवातीच्या स्वागतात किंवा बोधचिन्हात असतो. आणि त्या व्हिडिओमुळे किती सबस्क्रायबर मिळाले हा आकडा. हा आकडा छोटा दिसला म्हणून खचू नये. चॅनेलच्या पानापर्यंत येणारे लोक मुळात एकूण प्रेक्षकांच्या मानाने थोडेच असतात. शोधात, शिफारशींत किंवा सबस्क्रायबरांच्या यादीत व्हिडिओ कुठे दिसावा, याच्याशी या दोन जागांचा काही संबंध नाही. नळीच्या वाटेचा व्हिडिओ ट्रेलरवरून काढला म्हणून शोधात मागे पडत नाही, तसाच तिथे ठेवला म्हणून पुढेही जात नाही.

दोन्ही जागा भरल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही. दर महिन्याला आठवणीने बदलणारं कोणी नसेल, तर ट्रेलर तेवढा नीट करून लावावा आणि सबस्क्रायबरांची जागा रिकामी सोडावी. तिथे शिळी घोषणा असण्यापेक्षा थेट व्हिडिओंच्या रांगा दिसलेल्या कधीही बऱ्या.