लिटरचं तूप, किलोचं तूप

दिवाळीच्या तोंडावर बेसनाच्या लाडवांसाठी गायीचं तूप मागवायचं आहे. फोनवर तीन दुकानं उघडली, तिन्हींचे स्क्रीनशॉट काढले. पहिल्यात १ लिटरचा डबा ६४० रुपयांना आहे, दुसऱ्यात १ किलोची बरणी ६९० ला, तर तिसऱ्यात ५०० मिलिलिटरची बाटली ३१५ ला. (आकडे नमुन्यादाखल आहेत, पण बाजारात नेहमी दिसतात तसेच.) बघताक्षणी कौल तिसऱ्याकडे जातो: दोन बाटल्या घेतल्या की ६३० मध्ये लिटरभर तूप. बरणी तर सगळ्यात महाग वाटते.

इथे मेख आहे ती लिटर आणि किलोत. तूप पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे लिटरभर तूप किलोभर भरत नाही, साधारण ९०५ ग्रॅम भरतं. बऱ्याच डब्यांवर १ लिटरच्या शेजारी बारीक अक्षरात हे वजन छापलेलं असतं, फक्त ते पहिल्या फोटोत क्वचितच दिसतं. पानावर खाली सरकून मागच्या बाजूच्या लेबलचा फोटो मोठा केला की सापडतं. स्क्रीनशॉट त्याचाही हवा. शिवाय तूप तापलं की फुगतं, म्हणजे मिलिलिटरचा आकडा तापमानाप्रमाणे हलतो. वजन मात्र तेवढंच राहतं. म्हणून तुलना करायची ती ग्रॅममध्येच.

आता भागाकार. ग्रॅममागे पैशांचे आकडे फार बारीक येतात, म्हणून १०० ग्रॅमचा भाव काढणं सोपं जातं: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले १००. डब्याचे ६४० भागिले ९०५, म्हणजे १०० ग्रॅमला ७० रुपये ७० पैसे. बरणीला ६९ रुपये. बाटलीत ४५२ ग्रॅम धरले, तर तिचा भाव ६९ रुपये ७० पैसे. सगळ्यात महाग वाटणारी बरणीच स्वस्त निघाली!

बाटलीचा हिशेब इथेच संपत नाही. समजा, तिथे घरपोच देण्याचे २५ रुपये वेगळे लागतात आणि बाकी दोन्हीकडे ते माफ आहेत. मग एका बाटलीचे ३४० रुपये होतात आणि भाव थेट ७५ रुपये २० पैशांवर जातो. दोन एकदम मागवल्या, तर ते २५ रुपये विभागले जाऊन ७२ रुपये ५० पैसे. तरीही ती तिघांत महागच. हे पैसे वस्तूच्या पानावर नव्हे, शेवटी कार्टमध्ये दिसतात. त्यामुळे किमतीचा स्क्रीनशॉट कार्टचा घ्यावा, आणि तिन्ही एकाच बैठकीत, एकच पिनकोड टाकून. सकाळची किंमत आणि रात्रीची किंमत यांची तुलना फुकट जाते.

एवढी आकडेमोड कशाला, ‘प्रति ग्रॅम’ भाव छापणं तर आता सक्तीचंच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. वेष्टित मालाच्या नियमांत २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पाकिटावर एककाची विक्री किंमत आली. पण ती काढतात एमआरपीवरून. सवलतीचा तिच्याशी संबंध नसतो. आपल्या बाटलीची एमआरपी ३६० असेल, तर लेबल मिलिलिटरला ०.७२ रुपये सांगणार, प्रत्यक्षात आपण ०.६३ देतोय. त्यातून किलोच्या आतल्या मालाचा भाव ग्रॅमला आणि किलोच्या वरचा किलोला, द्रवांचं मिलिलिटर-लिटरमध्ये. काही ॲप आपल्या हिशेबाने १०० मिलिलिटरचा भाव दाखवतात. तीन स्क्रीनशॉटांत तीन मापं आली, तर ते छापील भाव शेजारी ठेवून काहीच कळत नाही. ग्रॅमचा भाव दोनच दशांश स्थळांपर्यंत असल्याने किलोमागे पाच रुपयांपर्यंतचा फरक त्यात सहज झाकला जातो.

आणखी एक गफलत हमखास होते. शीर्षकात ‘१ लिटर’ असतं, पण खालच्या पर्यायांत ५०० मिलिलिटरची चौकट आधीच निवडलेली असते आणि किंमत तिची असते. भाव संशयास्पद वाटावा इतका कमी आला, तर आधी तीच चौकट तपासावी.

बरणी आणि डब्यात शेवटी फरक पडला किलोमागे सतरा रुपयांचा. एका बरणीसाठी फार नाही. तुपाचा वास, रवा आणि घरच्यांची आवड याहून जास्त मोलाची वाटली, तर खुशाल डबा घ्यावा. भागाकाराला चव कळत नाही.

निव्वळ वजन किंवा माप ऑनलाइन पानावर दाखवणं विक्रेत्यांना बंधनकारक आहे. ते कुठेच नसेल, तर काढलेला स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.