‘सार’ वाचताना काय सुटतं?

धर्मांची तुलना करायला आपण लांब कशाला जायचं? पवनारच्या विनोबांचीच दोन पुस्तकं घेऊ. धम्मपदातल्या 26 वर्गांच्या 423 गाथा त्यांनी विषयवार नव्याने लावल्या. ‘कुराण-सार’मध्ये मात्र त्यांनी निवड केली. कुराणाचे 114 अध्याय ढोबळमानाने मोठे आधी, छोटे नंतर असे आहेत. नवख्या वाचकाला एक विषय सलग सापडत नाही, म्हणून विषयवार मांडणी सोयीची होते. पण भाषा कितीही तटस्थ असो, संपादकाचा कल वगळण्यात दिसतो, बरं का! कोणतंही सार हातात आलं, की चौथ्या अध्यायातल्या वारसाहक्काच्या आयती, 11 आणि 12, त्यात आहेत का ते पाहू. नसतील, तर ते भक्ती-नीतीचं पुस्तक समजू, आणि कायद्यासाठी पूर्ण भाषांतर उघडू.