फ्रीजमधला स्लॅब आणि घट्ट झालेलं चॉकलेट (लेखांक सहावा)

परभणीत मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि चॉकलेटचा स्लॅब फ्रीजमध्ये जाऊन बसतो. त्याला इलाज नाही, कारण कोकोतली चरबी साधारण 34 अंशांलाच वितळते. गंमत अशी की उन्हाळ्यात फ्रीजमुळे फारसं बिघडत नाही, बिघडतं ते श्रावणात. राखीपौर्णिमेच्या ऑर्डरी हातात असतात, बाहेर झड लागलेली असते. अशा वेळी फ्रीजमधून काढलेला स्लॅब लगेच उघडून चिरला की त्याच्या थंड तुकड्यांवर हवेतलं बाष्प दवासारखं जमतं. मेमधल्या कोरड्या हवेत हे त्या मानानं कमी होतं. डोळ्यांना ते पाणी दिसतही नाही, पण वितळवायला ठेवल्यावर चॉकलेट चकाकी सोडतं, चमचा ओढावा लागतो आणि बघता बघता भांड्यात रवाळ, घट्ट गोळा तयार होतो. मग दोष स्लॅबच्या कंपनीला दिला जातो.

चॉकलेट म्हणजे चरबीत विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण. त्यात पाणी जवळपास नसतंच, म्हणून ते कण एकमेकांवरून सहज घसरतात आणि चॉकलेट धारेनं वाहतं. थोडंसं पाणी शिरलं की साखर ते शोषते, तिच्या कणांवर चिकट पाक तयार होतो आणि कण एकमेकांना धरून बसतात. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा गेल्यावर गुठळ्या होतात, तोच हा प्रकार. बाजारात मिळणाऱ्या कंपाउंड स्लॅबमध्ये कोकोच्या चरबीऐवजी वनस्पती चरबी असते, पण साखर भरपूर असल्यामुळे तोही यातून सुटत नाही.

म्हणून स्लॅब आदल्या रात्रीच फ्रीजमधून काढावा आणि वेष्टन न उघडता ओट्यावर ठेवावा. दव जमायचं ते कागदावर जमेल. सकाळी तो कोरडा पुसून मग उघडायचा. चिरायची पाटी, सुरी, भांडं, साचे सगळं खडखडीत कोरडं हवं. लाकडी चमचा धुतल्यावर बराच वेळ आतून ओला राहतो, त्यापेक्षा स्टीलचा बरा.

वितळवताना खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी घ्या, ते उकळलं की गॅस बंद करा आणि मग वर चॉकलेटचं भांडं ठेवा. वरचं भांडं पातेल्यापेक्षा रुंद असावं, नाहीतर कडेनं वाफ येऊन चॉकलेटवर पडते. त्याचा तळही पाण्याला टेकू नये. डार्क चॉकलेट 50 अंशांच्या आणि मिल्क किंवा व्हाइट 45 च्या पुढे नेऊ नये. थर्मामीटर नसेल तर बोट लावून पाहा: गरम लागावं, पण चटका बसू नये. भांडं उचलल्याबरोबर त्याचा तळ पुसा, कारण साच्यात ओतताना तिथलाच थेंब आत पडतो. खाण्याचा साधा पाण्यातला रंगही हाच घोटाळा करतो. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारा रंग आणा.

आता समजा, 200 ग्रॅम डार्क चॉकलेट घट्ट झालंच. फेकू नका. ज्या पाण्यानं ते बिघडलं, तेच पाणी जास्त प्रमाणात दिलं की साखर पूर्ण विरघळते आणि कण पुन्हा मोकळे होतात. 55 ग्रॅम चॉकलेटला किमान 15 मिली, म्हणजे मोठा चमचाभर, असा ढोबळ हिशेब. आपल्या 200 ग्रॅमला 55 ते 60 मिली लागेल. पाणी किंवा दूध गरम करून घ्या, गारेगार ओतलं तर चरबीच थिजेल. एकेक लहान चमचा घालून मधोमध ढवळत राहा. पहिल्या दोन-तीन चमच्यांना गोळा आणखीच आडमुठा होतो आणि तेल सुटल्यासारखं दिसतं. इथेच बहुतेक जणी हात टेकतात. ढवळणं सोडू नका. आणखी थोडं दूध गेलं की एकदम चकाकी परत येते. कोको जास्त असलेल्या चॉकलेटला द्रवही जास्त लागतो.

मात्र हे चॉकलेट आता साच्यात कडक होणार नाही. ते सॉस झालं. केकवर ओता, गरम दुधात घाला, ब्राउनीत वापरा. दूध घातलं असेल तर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. राखीच्या ऑर्डरीसाठी दुसरा स्लॅबच उघडावा लागेल.

करपलेल्या चॉकलेटला मात्र हा उपाय लागू नाही. पाणी न लागताच गुठळ्या झाल्या आणि जळका वास आला, तर ते टाकून द्यावं. वास नाही, पण जास्त तापून नुसतं जाड झालं असेल, तर भांडं लगेच आचेवरून काढून त्यात चमचाभर कोमट रिफाइंड तेल ढवळून पाहा. मिल्क आणि व्हाइट चॉकलेट दुधाच्या घटकांमुळे लवकर बिघडतं, तेव्हा त्यांच्याजवळून हलू नका.