फोटो पाहिला, पण श्वास मोजला का?

कोल्हापुरात कुणाला न्यूमोनिया झाल्याचे कळले, की पाहायला आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “छातीचा फोटो काढला का?” आणि दुसरा, “डाग केवढा आहे?” सीपीआरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्याच्या आवारात एक्स-रेचे पाकीट काखेत धरून उभे असलेले नातेवाईक पाहिले, की वाटते सारा आजार त्या पाकिटातच आहे. डाग मोठा तर आजार मोठा, डाग नाही तर काळजी नाही, असा हा सरळ हिशेब. तो बऱ्याचदा चुकतो, आणि चुकला की महागात पडतो.

आधी फोटोत दिसते काय, ते पाहू. निरोगी फुप्फुस म्हणजे हवेने भरलेल्या कोट्यवधी बारीक पिशव्या. हवेतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून फुप्फुस फोटोत काळे दिसते. न्यूमोनियात जंतूंशी झुंजताना या पिशव्यांत पू आणि पाणी साचते. तिथे किरण अडतात आणि पांढरा डाग उमटतो. म्हणजे फोटो एवढेच सांगतो, की इथे हवेच्या जागी दुसरे काहीतरी आले आहे.

ते काय आहे, हे मात्र फोटो खात्रीने सांगत नाही. न्यूमोनियाचा पू, थकलेल्या हृदयामुळे फुप्फुसात उतरलेले पाणी, क्षयाचा व्रण किंवा एखादी गाठ, हे सारे पांढरेच दिसते. जंतू कोणता, तोही फोटोवर लिहिलेला नसतो. म्हणून ताप, खोकला, छातीला लावलेल्या नळीतून ऐकू येणारा आवाज यांच्याशी डॉक्टर तो डाग जुळवून पाहतात. आपल्याकडे खोकला दोन आठवड्यांवर लांबला असेल, तर क्षयासाठी थुंकी तपासल्याशिवाय राहू नये, ते याचसाठी.

शिवाय फोटोचे घड्याळ आजाराच्या मागे चालते. पहिल्या एक-दोन दिवसांत रोगी फणफणलेला असतो, पण फोटो स्वच्छ येऊ शकतो. उलट ताप गेला, भूक लागली, माणूस ओसरीवर येऊन बसला, तरी डाग पुसायला सहा आठवडे, म्हाताऱ्या माणसात त्याहूनही जास्त काळ लागू शकतो. त्यामुळे सुधारत असलेल्या रोग्याचा दर तीन दिवसांनी फोटो काढण्यात अर्थ नाही. पन्नाशीपुढच्या आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा मात्र सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा काढावा. न्यूमोनियाच्या आड एखादी गाठ लपलेली नाही ना, हे तेव्हाच कळते. लपायला जागाही आहेत. हृदयाच्या मागचा आणि पोटाच्या पडद्याआड गेलेला फुप्फुसाचा भाग समोरून काढलेल्या फोटोत नीट दिसत नाही.

मग आजार किती गंभीर, हे ठरते कशावर? समजा, दोन रोगी आहेत. पहिला बत्तीस वर्षांचा, गुऱ्हाळावर काम करणारा. त्याच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा सगळा भाग पांढरा झाला आहे. फोटो पाहून घरच्यांच्या पोटात गोळा आला. पण तो शुद्धीत नीट बोलतो, श्वास मिनिटाला २२, रक्तदाब १२०/७६, रक्तातला युरिया २८. दुसऱ्या अडुसष्ट वर्षांच्या आजी. त्यांच्या फोटोत रुपयाएवढा डाग. “बारकाच आहे” म्हणून घरचे निश्चिंत. पण आजी सकाळपासून नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात, श्वास ३२, रक्तदाब ११०/७०, युरिया ४८.

इथे डॉक्टरांच्या कामाला एक साधे मोजमाप येते, त्याचे नाव कर्ब-६५. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून ते बेतले आणि २००३ साली प्रसिद्ध झाले. पाच प्रश्न, प्रत्येक होकाराला एक गुण. नव्याने आलेला भ्रम आहे का? युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर आहे का? श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का? रक्तदाबाचा वरचा आकडा ९०च्या खाली, किंवा खालचा ६० वा त्याहून कमी आहे का? वय ६५ किंवा पुढे आहे का? लॅबच्या कागदावर युरियाऐवजी ‘बीयूएन’ लिहिले असेल, तर तिथे सीमा सुमारे २० असते; या दोन आकड्यांची गल्लत करू नये.

आता गुण मांडा. तरुणाचे शून्य, आजींचे चार. त्या पाहणीत शून्य-एक गुण असलेल्यांत शंभरातले दोनही दगावले नव्हते, दोन गुणांच्यात सुमारे नऊ, आणि तीन वा अधिक गुणांच्यात सुमारे बावीस. शून्य-एकला बहुधा घरी गोळ्यांवर भागते, दोनला रुग्णालयाचा विचार करावा लागतो, तीनपासून पुढे दाखल करणे भागच, आणि चार-पाचला अतिदक्षता विभागाचा विचार. या प्रश्नांत फोटो कुठेच नाही. मेंदू, मूत्रपिंडे, रक्ताभिसरण आणि श्वास यांना आजाराची किती झळ लागली, एवढेच ते विचारतात. फोटो आजाराचे घर दाखवतो. त्याने किती नासधूस केली, ते शरीर सांगते. डाग दोन्ही फुप्फुसांत पसरला असेल तर धोका वाढतो हे खरे, पण एकट्या डागावर निवाडा होत नाही.

या मोजमापालाही मर्यादा आहेत. त्यात प्राणवायू मोजलेला नाही. आपल्या तरुणाचे गुण शून्य असले, पण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ८८ आला, तर त्याला घरी पाठवणे चूकच. वय, मधुमेह, गरोदरपण, घरी पाहणारे कुणी आहे की नाही, हे सारे डॉक्टरला तोलावे लागते. गुण हा मदतनीस आहे, मालक नव्हे.

मात्र या पाच प्रश्नांतला एक घरच्यांना कोणत्याही यंत्राशिवाय सोडवता येतो. तो श्वासाचा. याचा मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या खेड्यांत लहान मुलांचा न्यूमोनिया फोटोविना, श्वास मोजून ओळखायला गावातल्याच माणसांना शिकवले आणि औषध त्यांच्या हाती दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरणही त्यांनी केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

मोजायची रीत अशी. माणूस शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पोट वर आले की एक, असे पूर्ण एक मिनिट मोजावे. मूल असेल तर ते रडत किंवा पीत नसताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर लगेच डॉक्टर गाठावा. मोठ्या माणसाला तिशीची सीमा. तापानेही श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. पण आकडा सीमेपार असेल तर वाट पाहत बसू नये. आणि म्हातारे माणूस तापात एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी खोकला आणि तापही बेताचेच असू शकतात, आणि न्यूमोनियाची पहिली खूण तीच असते.