एकाच मापाच्या बॅजवर ऊ नू आणि राजगोपालाचारी

परिषदेत गळ्यात अडकवायचा बॅज बहुतेक ठिकाणी पोस्टकार्डाएवढा असतो. ए-६ आकाराचा कागद घेतला तर त्याची रुंदी १०५ मिलिमीटर. दोन्ही कडांना आठ-आठ मिलिमीटर समास सोडला की नावासाठी ८९ मिलिमीटर उरतात. आता या जागेत स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू आणि भारताचे शेवटचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी या दोघांची नावे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत छापायची आहेत असे समजू. मांडणीची खरी परीक्षा अशाच जोडीने होते.

‘राजगोपालाचारी’ हे रोमन लिपीत १५ अक्षरांचे नाव आहे. साध्या, मध्यम जाडीच्या फॉन्टात ते ८९ मिलिमीटरमध्ये बसवायचे तर अक्षराचा आकार साधारण ३४ पॉइंट येतो. देवनागरीत तेच नाव सात अक्षरांत मावते आणि पंचेचाळीस पॉइंटच्या आसपासही सहज बसते. उलट ‘नू’ हे रोमनमध्ये दोनच अक्षरांचे. ‘जागा भरेपर्यंत नाव मोठे कर’ अशी सूचना संगणकाला दिलेली असेल, तर तो ते जवळजवळ १९० पॉइंटात छापेल. एकाचे नाव सभागृहाच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल, तर दुसऱ्याचे वाचायला जवळ जावे लागेल. दोघेही परिषदेचे सारखेच पाहुणे असताना बॅजने असा भेद करू नये.

म्हणून आधी दोन मर्यादा ठरवाव्या लागतात. खालची मर्यादा डोळा ठरवतो. निकोप नजरेच्या माणसाला दोन मीटरवरून सुमारे तीन मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. परिषदेच्या मंद उजेडात, चालताबोलता वाचायचे तर त्याच्या दुप्पट उंची हवी. ३४ पॉइंटमध्ये रोमनची लहान अक्षरे साधारण सहा मिलिमीटर उंच येतात, म्हणजे तिथवर उतरायला हरकत नाही. २८ पॉइंटच्या खाली मात्र कोणत्याही नावासाठी जाऊ नये. वरची मर्यादा ५६ पॉइंट ठेवली की ‘नू’ ठसठशीत दिसते आणि उरलेली जागा मोकळी राहते. ती मोकळीच राहू द्यावी. लहान नावाभोवतीची रिकामी जागा भरायला आयोजकाचे चिन्ह फुगवण्याचा मोह होतो, पण त्याने नावच मागे पडते.

या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक नावाला वेगळा आकार देण्यापेक्षा ५६, ४४ आणि ३४ अशा तीनच पायऱ्या कराव्यात. शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या बॅजवर ४१ आणि ४३ पॉइंटची नावे असली, तर तो फरक चूक वाटतो. ४४ आणि ३४ असली तर ठरवून केलेले वाटते.

कोणते नाव कोणत्या पायरीवर, हे अक्षरे मोजून ठरवणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. ‘श्री’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, पण संगणकाच्या हिशेबी श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशी चार चिन्हे. ‘लक्ष्मी’ची चिन्हे सात आणि कागदावरची रुंदी मात्र बेताची. त्यामुळे ‘दहापेक्षा जास्त चिन्हे असतील तर लहान आकार’ असा नियम देवनागरीत विनाकारण नावे लहान करत सुटतो. प्रत्येक नाव त्या फॉन्टात प्रत्यक्ष मांडून त्याची रुंदी मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

दोन लिप्यांची पायरी वेगवेगळी ठरवावी का? तसे केले तर राजगोपालाचारींची देवनागरी ४४वर आणि रोमन ३४वर येते, तर दुसऱ्या एखाद्या नावाचे नेमके उलटे होते आणि कोणती लिपी मुख्य हेच बॅजागणिक बदलत राहते. म्हणून जी लिपी जास्त जागा मागते तिने दोघींची पायरी ठरवावी. एक दुरुस्ती लागते. अनेक फॉन्टांत त्याच पॉइंटमध्ये देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते, कारण वरखालच्या मात्रांसाठी मूळ अक्षराची उंची आटोक्यात ठेवलेली असते. दोन्ही लिप्या एकाच संचात आखलेला फॉन्ट वापरल्यास हा फरक कमी होतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘अनेक’ हा २०२२मध्ये आलेला फॉन्ट इथे फार उपयोगी आहे. त्यात अक्षरांची रुंदी कमी-जास्त करता येते, त्यामुळे राजगोपालाचारींसारखे नाव उंची न घटवता अरुंद रूपात बसवता येते. साधा फॉन्ट आडवा दाबून हे साधत नाही. उभ्या रेषा बारीक होतात आणि आडवी शिरोरेषा जाड राहते.

रुंदीइतकीच उंचीही फसवते. ‘कृष्णमूर्ती’ हे नाव पाहा. खाली ऋकार आणि ऊकार, वर वेलांटी आणि रफार. रोमनच्या सवयीने ओळींमध्ये थोडेच अंतर ठेवले तर ऊकार खालच्या रोमन नावाला टेकतो, किंवा मजकुराच्या चौकटीत रफार कापला जातो. ‘राम’ला यातले काहीच लागत नाही. नाव चौकटीच्या मधोमध आणायला सांगितले की काही प्रोग्राम शाईची प्रत्यक्ष उंची मोजतात, आणि मग दोन्ही बॅजांवर शिरोरेषा वेगळ्या उंचीवर येते. त्यापेक्षा शिरोरेषेची जागाच कायम ठरवावी आणि तिच्या वर-खाली सर्वांत उंच नावाला पुरेल इतकी जागा राखावी.

नाव चुकीचे छापले जाण्याची कारणे बहुधा नोंदणीच्या अर्जातच असतात. काळे आणि काले रोमनमध्ये सारखेच लिहिले जातात, त्यामुळे रोमनवरून देवनागरी आपोआप करून घेण्यात धोका आहे. ‘पहिले नाव मोठे, आडनाव लहान’ हा साचाही सगळ्यांना चालत नाही. ऊ नू यांच्या नावातला ‘ऊ’ हा आदरार्थी शब्द आहे. या साच्यात नेमका तोच मोठा छापला जाईल. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या बॅजवर नुसता ‘ए’ ठळक होईल. अर्जात ‘बॅजवर मोठ्या अक्षरांत काय हवे’ हे दोन्ही लिप्यांत, वेगळ्या रकान्यांत विचारावे.

एका बाजूला देवनागरी आणि मागे रोमन अशीही मांडणी काहीजण करतात. पण एकाच कडीवर लटकणारा बॅज चालताना फिरतो आणि समोरच्याला नको ती बाजू दिसते. दोन्ही लिप्या दोन्ही बाजूंना छापणे बरे.

छपाईआधी यादी रुंदीनुसार लावून सर्वांत रुंद पाच, सर्वांत अरुंद पाच आणि वर-खाली सर्वाधिक मात्रा असलेली काही नावे खऱ्या मापात छापून भिंतीवर लावावीत आणि दोन मीटरवरून वाचावीत. सोबत तीन गोष्टी जवळून तपासाव्यात. ‘निखिल’मधली वेलांटी व्यंजनाच्या मागे गेली किंवा टिंबांचे वर्तुळ दिसले, तर प्रोग्रामला देवनागरी जुळवता येत नाही. ‘कुऱ्हाडे’मधला अर्धा ऱ् रफार होऊन डोक्यावर गेला, तर नाव चुकीचे टंकलेले आहे. ‘शैला’मधले श आणि ल हिंदी वळणाचे आले, तर मजकुराची भाषा मराठी ठरवायची राहिली आहे, किंवा त्या फॉन्टात मराठी वळणच नाही. ऐनवेळी येणाऱ्यांचे बॅज जिथे छापायचे, त्या टेबलावरच्या संगणकावरही तोच फॉन्ट बसवून हीच नावे पुन्हा छापून पाहावीत.