फोटोतला चष्मा मापात बसतो का?

ज्याला मायनस साडेपाचचा नंबर आहे, त्याला चष्म्याशिवाय साधारण अठरा सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसते. आरशात तर हे अंतर निम्मे होते, कारण आपले प्रतिबिंब आरशाच्या तेवढेच मागे असते. म्हणजे अशा माणसाने दुकानात नवी फ्रेम घातली, की स्वतःचा चेहरा नीट दिसायला त्याला आरशापासून नऊ सेंटीमीटरवर जावे लागते. तिथून नाक दिसेल, फ्रेम कशी दिसते ते कळणार नाही. त्यामुळे ज्याला चष्म्याची सर्वांत जास्त गरज, तोच फ्रेम निवडताना बरोबर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत बसतो. "छान दिसतेय" या दोन शब्दांवर तो काही हजार रुपये मोजतो.

यावर उपाय म्हणून हल्ली अनेक चष्म्याच्या दुकानांत आणि मोबाइलवर गिऱ्हाइकाच्या फोटोवर फ्रेम बसवून दाखवतात. आपला जुना चष्मा डोळ्यांवर ठेवून आपलाच नवा चेहरा पडद्यावर निवांत पाहता येतो. कल्पना उत्तम आहे, पण तिच्यात एक मोठी खोट राहून जाते. बरीच साधी अॅप्स चेहऱ्याची रुंदी पाहतात आणि फ्रेमचे चित्र तेवढे ताणून किंवा आकसून बसवतात. अठ्ठेचाळीसची फ्रेम असो की छप्पन्नची, दोन्ही तितक्याच नेटक्या बसलेल्या दिसतात. रंग आणि आकार कळतो, माप कळत नाही. आणि घरी गेल्यावर चष्मा नाकावरून घसरतो किंवा कानशिलावर रुततो तो मापामुळे.

माप कुठे लिहिलेले असते ते आधी पाहू. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५४ □ १८ १४० असे काहीतरी छापलेले असते. पहिला आकडा एका काचेची आडवी रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळे मिलीमीटरमध्ये. यात समोरून दिसणारी फ्रेमची एकूण रुंदी नसते. काचेच्या बाहेरची कड आणि बिजागरीजवळचा भाग प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असल्याने ५४ □ १८ च्या दोन फ्रेम एकूण रुंदीत चार-पाच मिलीमीटरनेही वेगळ्या निघू शकतात. म्हणून फोटोवर फ्रेम दाखवायची असेल तर दुकानदाराने प्रत्येक फ्रेमची एकूण रुंदी एकदा व्हर्नियरने मोजून नोंदवावी. कॅटलॉगमधल्या चित्रावरून ती काढू नये, कारण तिथे सगळ्या फ्रेम सारख्याच चौकटीत कापून बसवलेल्या असतात.

दुसरे माप गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचे. फोटोत फक्त पिक्सेल असतात, मिलीमीटर नसतात. एका मिलीमीटरला किती पिक्सेल हे ठरवायला फोटोत एखादी माहीत असलेली लांबी हवी. चष्म्याच्या दुकानात ती आधीच हाताशी असते. ती म्हणजे पीडी, दोन बाहुल्यांमधले अंतर. मोठ्या माणसांत ते बहुधा चौपन्न ते चौऱ्याहत्तर मिलीमीटरच्या दरम्यान असते, आणि काच नीट बसवायची तर दुकानदाराला ते मोजावेच लागते. ज्या दुकानात पीडी मीटर आहे तिथे याहून चांगली मोजपट्टी शोधायची गरज नाही.

घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी अॅप्स दोन युक्त्या वापरतात. एक म्हणजे बँकेचे कार्ड. जगभर त्याची रुंदी ८५.६ मिलीमीटर ठरलेली आहे. ते कपाळाला टेकवून फोटो काढला तर ठीक, कारण कपाळ आणि फ्रेम कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. पण लोक कार्ड हनुवटीखाली हातात धरतात. कॅमेरा चेहऱ्यापासून पन्नास सेंटीमीटरवर आणि कार्ड चेहऱ्याच्या पाच सेंटीमीटर पुढे असेल, तर ते अकरा टक्के मोठे दिसते. मग त्याच प्रमाणात फ्रेमही मोठी काढली जाते, आणि १३८ मिलीमीटरची फ्रेम चेहऱ्यावर १५३ ची दिसते. (बँकेचे कार्ड फोटोत दाखवूही नये. त्याच मापाचे कोरे कार्ड दुकानदाराने ठेवावे.) दुसरी युक्ती बुबुळाची. बुबुळाची आडवी रुंदी बहुतेक माणसांत ११.७ मिलीमीटरच्या आसपास, अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे असते. गूगलने २०२० साली आणलेली मीडियापाइप आयरिस ही प्रणाली याच आधारावर फोनपासून चेहऱ्याचे अंतर काढते. पण अर्धा मिलीमीटर म्हणजे चार टक्क्यांहून थोडे जास्त, आणि १४० मिलीमीटरच्या फ्रेमवर तेवढी चूक सहा मिलीमीटरची होते. साधा अंदाज घ्यायला ते चालेल, दोन मापांतून एक निवडायला नाही.

कॅमेऱ्याचे अंतर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक फुगते आणि कान मागे जातात. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणिताने दाखवले, की एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाचा पाया पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतो. चष्म्याच्या बाबतीत याचा फटका दुहेरी असतो. जवळच्या कॅमेऱ्याकडे पाहताना डोळे आत वळतात, आणि अर्ध्या मीटरवर बाहुल्या मिळून मिलीमीटरभर तरी नाकाकडे सरकतात. म्हणजे मोजपट्टीच आखडते. शिवाय खरी फ्रेम बाहुलीच्या दीडेक सेंटीमीटर पुढे असते. अर्ध्या मीटरवरून ती त्यामुळे तीन टक्के मोठी दिसायला हवी, दीड मीटरवरून फक्त एक टक्का. म्हणून दुकानात फोटो दीड मीटरवरून काढावा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, झूम दोनपट करावा आणि दोन्ही कान सारखेच दिसतात ना हे पाहावे. एवढ्याने निम्म्या चुका मुळातच टळतात.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. कॉलेजात जाणारी मुलगी, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच, पीडी साठ. दीड मीटरवरून तिचा चष्म्याशिवाय फोटो काढला. पडद्यावर दोन्ही बाहुल्यांच्या मधोमध टिचक्या मारल्या, तर अंतर ३६० पिक्सेल आले. ३६० ला साठने भागले की एका मिलीमीटरला सहा पिक्सेल. एक बाहुली दुसरीपेक्षा बारा पिक्सेल खाली होती, म्हणजे मान दोन अंश कललेली. फ्रेमचे चित्रही तेवढेच फिरवायचे. कानशिलापासून कानशिलापर्यंत चेहरा ७६८ पिक्सेल, म्हणजे १२८ मिलीमीटर.

तिला आवडलेली मोठी चौकोनी फ्रेम ५४ □ १८ ची, एकूण रुंदी १४२. फोटोवर ती ८५२ पिक्सेल रुंद काढायची, एक पिक्सेल कमी नाही की जास्त नाही. तशी काढल्यावर ती दोन्ही बाजूंना सात-सात मिलीमीटर चेहऱ्याबाहेर गेली. ताणून बसवणाऱ्या अॅपमध्ये हे दिसलेच नसते. दुसरी फ्रेम ४८ □ २० ची, एकूण १३०, म्हणजे ७८० पिक्सेल. ती दोन्हीकडे जेमतेम एक मिलीमीटर बाहेर राहिली, आणि काड्या कानांकडे सरळ जायला तेवढेच हवे.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते, आणि मला ती दिसण्याहूनही महत्त्वाची वाटते. पहिल्या फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधले अंतर ५४ अधिक १८, म्हणजे ७२. मुलीची पीडी साठ. म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून सहा मिलीमीटर नाकाकडे. काचेचा नंबराचा केंद्रबिंदू डोळ्यासमोर आणायचा तर काच आत सरकवावी लागते, आणि मायनसची काच कडेला जाड असल्याने बाहेरची कड आणखी जाड होते. १.६ निर्देशांकाची काच घेतली तर या फ्रेममध्ये बाहेरची कड सव्वासहा मिलीमीटरच्या आसपास येते. लहान फ्रेममध्ये डोळा चारच मिलीमीटर आत असतो आणि काचही अरुंद, त्यामुळे कड पाचच्या आत राहते. काचेच्या आकाराने यात थोडा फरक पडेल, पण दीडेक मिलीमीटरचा हा फरक रोज नाकावर वागवायचा असतो. फोटोवर बाहुलीचे आणि काचेच्या मध्याचे असे दोन ठिपके दाखवले, तर दुकानदाराला एक शब्दही न बोलता हे गिऱ्हाइकाला पटवता येते.

फ्रेम आडवी कुठे बसेल ते गणिताने ठरते. उभी कुठे बसेल ते मात्र नाक ठरवते, आणि समोरच्या फोटोतून नाकाचा उंचवटा कळत नाही. अंदाजासाठी बाहुली काचेच्या उभ्या मध्याच्या तीन-चार मिलीमीटर वर धरतात, मग फ्रेम वर-खाली सरकवून पाहतात. प्रत्यक्षात रुंद, बसक्या नाकावर प्लॅस्टिकची फ्रेम या अंदाजापेक्षा खाली उतरू शकते. पॅडची फ्रेम असेल तर पॅड वाकवून ती उचलता येते, प्लॅस्टिकची सहसा नाही. काडी कानामागे टोचते का, हसताना फ्रेम गालाला लागते का, हेही फोटो सांगत नाही. मायनसच्या काचेतून डोळे खऱ्यापेक्षा सहा-सात टक्के लहान दिसतात, तेही बहुतेक फोटोंत दाखवलेले नसते. म्हणून फोटोवर वीसांतून दोन-तीन फ्रेम निवडाव्यात आणि तेवढ्या घालून पाहाव्यात. फोटो पाहून पैसे भरू नयेत.

दुकानातले किंवा मोबाइलमधले अॅप मापाने दाखवते की ताणून, हे ओळखणे सोपे आहे. एकाच मॉडेलच्या दोन मापांच्या फ्रेम एकामागून एक लावून पाहा. फरक दिसला नाही, तर ते माप वापरत नाही. दुसरी कसोटी अधिक पक्की. दुकानातली एखादी फ्रेम प्रत्यक्ष घालून, त्याच जागी बसून, त्याच कॅमेऱ्याने फोटो काढा आणि तो पडद्यावरच्या चित्राशेजारी ठेवा. दोन्हींत फ्रेमची बाहेरची कड भुवईच्या टोकापासून सारख्याच अंतरावर हवी. दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर मोजपट्टी किंवा अंतर चुकले आहे. दुकानदारांनी ही तपासणी अॅप विकत घेण्याआधी करावी. आणि गिऱ्हाइकांनी नवा चष्मा घेताना पीडी लिहून मागावी. नंबराच्या कागदावर ती बरेचदा नसते, आणि फ्रेम पडद्यावर पाहायची असो की दुकानात, पुढच्या प्रत्येक चष्म्याला ती लागणारच आहे.