नाव तपासायचं तर आधी रेणू काढा

पेट्रोलच्या दर्जाबद्दल बोलताना 91 किंवा 95 असा ऑक्टेन आकडा सांगतात. ही मोजपट्टी 1920च्या दशकात अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनतज्ज्ञाच्या कामातून तयार झाली. तिच्यात साध्या हेप्टेनला शून्य गुण आहेत आणि आयसोऑक्टेनला शंभर. पण या आयसोऑक्टेनचं शास्त्रीय नाव पाहिलं, तर त्यात ऑक्टेन हा शब्दच सापडत नाही. ते नाव आहे 2,2,4-ट्रायमिथाइलपेंटेन. ऑक्टेन म्हणजे आठ कार्बन आणि पेंटेन म्हणजे पाच, मग खरं काय? दोन्ही खरं. रेणूत कार्बन एकूण आठच आहेत, पण त्यांतले एका ओळीत सलग येतात ते जास्तीत जास्त पाच. उरलेले तीन एकेकटे, फांद्यांसारखे बाजूला जोडलेले आहेत. शास्त्रीय नाव सगळ्यात लांब ओळीवरून ठेवतात आणि फांद्या कुठे आहेत ते क्रमांकांनी सांगतात.

अशा नियमबद्ध नावांची सुरुवात 1892 साली जिनिव्हात भरलेल्या परिषदेत झाली आणि पुढे आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम पक्के केले. त्यामागचं कारण व्यवहारातलं आहे. चुकीच्या नावावरूनही पुष्कळदा बरोबर रेणू काढता येतो, म्हणून ते नाव चाललं तर काय बिघडलं असं वाटतं. बिघडतं ते शोधताना. एकच पदार्थ एका सूचीत एका नावाखाली आणि दुसऱ्या सूचीत दुसऱ्या नावाखाली गेला, की ते दोन वेगळे पदार्थ समजले जातात.

आता एक नाव हातात घेऊ आणि अकरावीचा विद्यार्थी वहीत तपासेल तसं तपासू: 2-इथाइल-4,4-डायमिथाइलपेंटेन. नावाकडे नुसतं बघून निकाल देता येत नाही. आधी नाव सांगतं तसा रेणू कागदावर काढायचा. पेंटेन म्हणून पाच कार्बनांची ओळ, दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची इथाइल फांदी, चौथ्यावर एकेका कार्बनाच्या दोन मिथाइल फांद्या. हायड्रोजन सध्या सोडून देऊ.

```
            C
            |
C - C - C - C - C
    |       |
    C       C
    |
    C
```

रेणू काढून झाला की मूळ नाव झाकून ठेवायचं आणि सगळ्यात लांब सलग ओळ नव्याने शोधायची. इथेच नजर फसते, कारण आडवी काढलेली ओळ म्हणजेच मुख्य शृंखला असं डोळा गृहीत धरतो. कागदावरचा आडवा-उभा हा फरक रेणूला ठाऊक नसतो. खालच्या फांदीच्या टोकापासून मोजायला लागा: फांदीतले दोन कार्बन, मग वळून आडव्या ओळीतले दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा. एकूण सहा. म्हणजे मुख्य शृंखला हेक्सेनची आहे, आणि आडव्या ओळीतला डावीकडचा पहिला कार्बन आता नुसती मिथाइल फांदी झाला. नावातलं पेंटेन इथेच चुकलं.

आता क्रमांक. सहा कार्बनांना दोन टोकांपैकी कुठूनही क्रमांक देता येतात, म्हणून दोन्हीकडून देऊन पाहायचे. इथाइलच्या टोकापासून मोजलं तर फांद्या 3, 5, 5 वर येतात. उलट टोकापासून मोजलं तर 2, 2, 4 वर. दोन्ही संच चढत्या क्रमाने लिहायचे आणि डावीकडून एकेक आकडा शेजारी ठेवून बघायचा. पहिल्याच जागी 2 हा 3 पेक्षा लहान आहे, निर्णय झाला. बरोबर नाव 2,2,4-ट्रायमिथाइलहेक्सेन. शेवटी बेरीज करून खात्री करावी: जुन्या नावात पाच, दोन आणि दोन मिळून नऊ कार्बन होते, नव्यात सहा आणि तीन, पुन्हा नऊच. हा मेळ बसला नाही, तर रेणू काढताना किंवा मोजताना कुठेतरी कार्बन सुटला आहे.

लहान क्रमांक ठरवताना पुष्कळ जण आकड्यांची बेरीज करतात आणि कमी बेरजेचं नाव निवडतात. बहुतेक वेळा उत्तर तेच येतं, म्हणून ही सवय टिकून राहते. पण दहा कार्बनांच्या एका शृंखलेवर तीन मिथाइल फांद्या अशा बसल्या आहेत, की एका टोकापासून त्यांचे क्रमांक 2, 7, 8 येतात आणि दुसऱ्या टोकापासून 3, 4, 9. बेरीज पाहिली तर पहिल्या संचाची 17 आणि दुसऱ्याची 16. तरीही बरोबर नाव 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन हेच. नियमात बेरीज कुठेच नाही. दोन संचांत जिथे पहिला फरक दिसतो, तिथे ज्याचा आकडा लहान तो संच घ्यायचा. आयसोऑक्टेनचंही तसंच: 2,2,4 आणि 2,4,4 यांत पहिला आकडा सारखा आहे, फरक दुसऱ्या जागी पडतो आणि तिथे 2 जिंकतो.

कधी कधी लांबीतच बरोबरी होते. 3-आयसोप्रोपाइलपेंटेन हे नाव घ्या. रेणू काढला तर आयसोप्रोपाइलच्या फांदीतून जाणारी ओळही पाच कार्बनांचीच निघते. अशा वेळी जिच्यावर फांद्या जास्त, ती शृंखला निवडतात. पहिल्या ओळीवर एक गुंतागुंतीची फांदी आहे, दुसरीवर दोन साध्या, म्हणून बरोबर नाव 3-इथाइल-2-मिथाइलपेंटेन.

रेणू काढण्याआधीच शंका घ्यायला लावणारी एक खूण आहे. फांदी ज्या कार्बनवर आहे, त्याच्यापासून मुख्य शृंखलेच्या जवळच्या टोकापर्यंत जितके कार्बन उरतात, त्याहून फांदी लांब असता कामा नये. ती लांब असेल, तर शृंखला त्या फांदीतूनच जायला हवी होती. म्हणून उघड्या शृंखलेच्या अल्केनच्या नावात 1-मिथाइल, 2-इथाइल किंवा 3-प्रोपाइल दिसलं की नाव चुकलेलं आहे हे नक्की. मात्र 3-इथाइल चालू शकतं, कारण तिथे दोन्ही बाजू दोन-दोन कार्बनांच्या आहेत.

हे सगळं फक्त फांद्या असलेल्या अल्केनला जसंच्या तसं लागू पडतं. रेणूत अल्कोहोलसारखा मुख्य गट असला, तर मुख्य शृंखलेत तो असलाच पाहिजे आणि लहान क्रमांकाचा पहिला मान त्याचा, फांद्यांचा नंतर. त्यामुळे 2-मिथाइलपेंटेन-4-ऑल चूक आणि 4-मिथाइलपेंटेन-2-ऑल बरोबर, जरी आकडे दोन्हीकडे तेच असले तरी. दुहेरी बंधाच्या बाबतीत तर नियमच बदलला आहे. पूर्वी दुहेरी बंध असलेली शृंखला आखूड असली तरी तीच मुख्य धरत. 2013 च्या शिफारशींपासून लांबीला प्राधान्य आलं. म्हणून एकाच रेणूला जुन्या पुस्तकात 2-इथाइलपेंट-1-ईन म्हटलेलं सापडेल आणि नव्यात 3-मिथिलिडीनहेक्सेन. असं नाव तपासताना ते कोणत्या वर्षाच्या नियमांनी ठेवलं आहे, हे आधी बघावं. नाहीतर तेव्हा बरोबर असलेलं नाव आपण चूक म्हणून खोडून बसू.